चुकीच्या विभागाकडे गेलेली तक्रार योग्य हाती कशी पोहोचते? रायपूरच्या 'पुरानी बस्ती'तील उदाहरणातून छाननीची पद्धत

रायपूर : नळाच्या पाण्याला दुर्गंधी येत असल्याची तक्रार पाणीपुरवठा विभागाऐवजी गटारे साफ करणाऱ्या पथकाकडे गेली, तर पथक येते, गटार साफ करते, छायाचित्र काढते आणि तक्रार 'निकाली' म्हणून बंद होते. कोणीही कामात कसूर केलेली नसते. तरीही नळाला दूषित पाणी येतच राहते. नागरी तक्रारींच्या यादीत चुकीच्या प्रकाराखाली नोंदल्या गेलेल्या अशा तक्रारी शोधणे, त्यांचा प्रकार बदलणे आणि त्या योग्य विभागाकडे सोपविणे या कामाला तक्रारींची प्राथमिक छाननी म्हणतात. छत्तीसगडच्या राजधानीतील पुरानी बस्ती या जुन्या वस्तीचे उदाहरण घेऊन ही छाननी प्रत्यक्षात कशी केली जाते, तिचे नियम कोणते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती पुढे दिली आहे.

एक शब्द, अनेक प्रकार

पुरानी बस्ती हा रायपूरचा जुना भाग आहे. महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ याच परिसरात असून बूढा तालाब जवळच आहे. शहराला मुख्यतः खारून नदीतून पाणीपुरवठा होतो. रायपूर नगर निगमाचे ७० वॉर्ड असून त्यांचा कारभार १० झोन कार्यालयांमार्फत चालतो. नागरिक आपली तक्रार झोन कार्यालयात, नगरसेवकाकडे (तेथे त्यांना 'पार्षद' म्हणतात) किंवा राज्यातील नागरी संस्थांसाठी असलेल्या 'निदान' या ११०० क्रमांकाच्या मदतवाहिनीवर नोंदवू शकतात.

तक्रार कोठेही नोंदली गेली, तरी तिला प्रथम एक प्रकार द्यावा लागतो : पेयजल, सफाई, पथदिवे, रस्ता आणि असेच इतर. कोणते पथक येणार हे या प्रकारावर ठरते. त्यामुळे प्रकार चुकला की पुढचे सर्वच चुकते. आणि प्रकार चुकण्याचे सर्वांत मोठे कारण नागरिकाचे अज्ञान हे नसून बोलण्यातील नेहमीचे शब्द हे आहे.

'पानी' हा एकच शब्द पाहिला, तरी हे ध्यानात येते. 'पानी नहीं आ रहा' ही पुरवठ्याची तक्रार आहे. 'पानी गंदा आ रहा है' ही पाण्याच्या शुद्धतेची तक्रार आहे. 'पानी भर गया है' याचा अर्थ बहुधा गटार तुंबून गल्लीत पाणी साचले असा असतो आणि ते काम सफाई पथकाचे असते. 'पानी बह रहा है' या वाक्यावरून तर काहीच ठरत नाही; जलवाहिनी फुटलेली असू शकते किंवा गटार ओसंडून वाहत असू शकते. चारही वाक्यांत 'पानी' आहे, म्हणून चारही पेयजलाच्या यादीत गेली, तर त्यांतील किमान एक तक्रार निश्चितच चुकीच्या ठिकाणी पोहोचते.

'लाइट नहीं है' या तक्रारीचेही असेच आहे. गल्लीतील दिवा बंद असेल, तर तो प्रश्न नगर निगमाच्या विद्युत शाखेचा; घरातील वीज गेली असेल, तर तो राज्याच्या वीज वितरण कंपनीचा. या दोन संस्था स्वतंत्र असल्याने येथे केवळ पथक बदलत नाही, तर संस्थाच बदलते. मराठीभाषक नागरिकही 'लाइट गेली' हे शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो. त्यामुळे ही अडचण केवळ हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्यांपुरती नाही.

चार दिवस, तीन तक्रारी, एक कारण

छाननीचे काम समजण्यासाठी एक नमुना प्रसंग पाहू. हा प्रसंग केवळ उदाहरणादाखल रचलेला असून कोणत्याही प्रत्यक्ष घटनेचे किंवा कार्यालयाचे ते वर्णन नाही.

जुन्या वस्तीतील एका अरुंद गल्लीतून सोमवारी सकाळी दूरध्वनी येतो : 'गली में नाली का पानी भरा है, नल से भी बदबू आ रही है.' नोंद घेणाऱ्याला एकच प्रकार निवडता येतो. वाक्यात 'नाली' प्रथम आली आहे, म्हणून तो 'नाली सफाई' निवडतो. मंगळवारी पथक येऊन गाळ काढते आणि तक्रार बंद होते. बुधवारी त्याच गल्लीतील दुसऱ्या घरातून तक्रार येते की नळाला दाब नाही. ती 'कमी दाब' या प्रकारात जाते आणि तेथील नेहमीच्या क्रमात लागते. गुरुवारी तिसऱ्या घरातील व्यक्ती सांगते की मुलाला कावीळ झाली आहे, पाणी तपासून द्या. या तक्रारीसाठी नेमका प्रकार न सापडल्याने ती 'इतर'मध्ये टाकली जाते.

तिन्ही नोंदी स्वतंत्रपणे पाहिल्या, तर त्यांत वावगे काही दिसत नाही. एक निकाली निघाली आहे, दुसरी मुदतीत आहे आणि तिसरी आजच आली आहे. मात्र छाननी करणारा कर्मचारी गुरुवारी 'इतर' या शीर्षकाखालील नोंदी वाचण्यास बसतो, तेव्हा तो कावीळीच्या तक्रारीवर थांबतो. प्रकारानुसार न शोधता तो ठिकाणानुसार शोधतो : या गल्लीतून गेल्या आठवड्यात आणखी काय आले आहे? मग तिन्ही तक्रारी एकाखाली एक समोर येतात आणि सोमवारच्या नोंदीतील उत्तरार्ध, 'नल से भी बदबू', प्रथमच कोणीतरी वाचतो.

यानंतर तो तक्रारदारांना दूरध्वनी करतो. प्रश्न थोडेच असतात, परंतु प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराने तक्रारीचा प्रकार बदलू शकतो. दुर्गंधी नगर निगमाच्या नळाला येते की घरच्या बोअरच्या पाण्याला? बोअरचे पाणी असेल, तर जलवाहिनी दुरुस्त करणारे पथक पाठवून उपयोग नाही. दुर्गंधी पाणी सुरू होताना पहिली काही मिनिटे येते की शेवटपर्यंत? ठरावीक वेळीच पाणी सुटणाऱ्या वस्तीत पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो. अशा वेळी वाहिनीला कोठे छिद्र असेल आणि भोवती घाण पाणी साचले असेल, तर ते आत शिरते आणि पुढच्या वेळी पहिल्या पाण्याबरोबर नळातून बाहेर पडते. म्हणून 'पहिल्या दहा मिनिटांत वास येतो' हे उत्तर वाहिनीतील गळतीकडे बोट दाखविते. तिसरा प्रश्न असा की वास एकाच घरात येतो की शेजारीही? एकाच घरात येत असेल, तर दोष त्या घराच्या जोडणीत किंवा टाकीत असण्याची शक्यता अधिक. अनेक घरांत येत असेल, तर तो मुख्य वाहिनीत.

आपल्या नमुना प्रसंगात उत्तरे अशी मिळतात : पाणी नगर निगमाचे आहे, वास सुरुवातीला येतो, गल्लीच्या एकाच बाजूच्या अनेक घरांत येतो आणि त्या बाजूच्या घरांच्या जोडण्या उघड्या गटारातून गेलेल्या आहेत. म्हणजे 'नाली सफाई', 'कमी दाब' आणि 'इतर' या तीन नोंदींमागे एकच कारण संभवते : गटारात बुडालेल्या वाहिनीला गळती. गळतीमुळे दाब कमी होतो आणि त्याच छिद्रातून घाण आत येते.

येथे वेळेचे महत्त्व विशेष आहे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस 'ई' या कावीळीची लक्षणे संसर्गानंतर २ ते १० आठवड्यांनी दिसतात. हिपॅटायटिस 'ए'मध्येही साधारण २ ते ४ आठवडे जातात. त्यामुळे गुरुवारी सांगितलेली कावीळ या पाण्यामुळेच झाली असेल, तर गळती सोमवारची नसून त्याच्या किमान दोन आठवडे आधीची आहे, असा त्याचा अर्थ होतो. तसेच आज ते पाणी पिणाऱ्यांचा आजार आणखी काही आठवड्यांनी दिसेल. गर्भवती स्त्रियांना शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस 'ई' झाल्यास त्यांतील २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्यू संभवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. रायपूरला हा धोका नवा नाही. २०२० च्या उन्हाळ्यात शहरात कावीळीची साथ आली होती. म्हणून नळाला दुर्गंधी येते एवढे वाक्यच तक्रार तातडीच्या यादीत नेण्यास पुरेसे मानावे लागते. रुग्ण आढळण्याची वाट पाहता येत नाही.

प्रकार ठरविणारे तीन प्रश्न

या प्रसंगावरून छाननीचा मूळ नियम स्पष्ट होतो. तक्रारीचा प्रकार तक्रारदाराने वापरलेल्या शब्दावरून ठरत नाही. तो करावयाच्या कामावरून ठरतो. त्यासाठी छाननी करणारा प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : नेमके काय बिघडले आहे? गटार, वाहिनी, दिवा, खांब, रस्ता यांपैकी ज्या वस्तूवर काम करावे लागेल, ती वस्तू शोधायची. तक्रारदार परिणाम सांगत असतो. छाननी करणाऱ्याला कारणाच्या जवळ जावे लागते. अर्थात नेमके निदान करणे हे त्याचे काम नव्हे. वाहिनी कोठे फुटली हे अभियंता जागेवर पाहील आणि कावीळ कोणत्या कारणाने झाली हे डॉक्टर सांगेल. कोणाला पाठवायचे हे ठरण्यापुरतीच माहिती छाननीत मिळवायची असते.

दुसरा प्रश्न : ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे? एकाच शहरातील काही रस्ते महापालिकेचे, तर काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात. दिव्याचा खांब एका संस्थेचा आणि त्यावरील दिवा दुसऱ्या संस्थेचा असू शकतो. नळजोडणीचा मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा भाग अनेक शहरांत ग्राहकाच्या जबाबदारीत येतो. ताबा कोणाचा हे न पाहता केलेला वर्गबदल तक्रारीला केवळ एका चुकीच्या टेबलावरून दुसऱ्या चुकीच्या टेबलावर नेतो.

तिसरा प्रश्न : थांबल्यास काय होईल? 'कमी दाब' आणि 'दूषित पाणी' या दोन्ही तक्रारी एकाच पाणीपुरवठा विभागाच्या आहेत. विभाग बरोबर असूनही प्रकार चुकला, तर तातडीची तक्रार साध्या तक्रारींच्या मागे पडते. उघड्या विजेच्या तारेची तक्रार 'पथदिवा बंद'मध्ये नोंदली गेली, तर तसेच होते. म्हणजे विभाग योग्य असणे पुरेसे नाही. विभागांतर्गत यादीही योग्य असावी लागते.

नोंद हलविताना काय जपायचे?

प्रकार ठरल्यानंतर नोंद हलविण्याचे काम यंत्रवत वाटते. पण बहुतेक हानी याच टप्प्यावर होते. पहिली काळजी मूळ क्रमांक आणि मूळ तारीख जपण्याची. चुकीची तक्रार बंद करून योग्य विभागाकडे नवी नोंद केली, तर दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. वरील प्रसंगात गुरुवारी नवी नोंद केली असती, तर कागदोपत्री तक्रार त्याच दिवशीची ठरली असती आणि सोमवारपासून गेलेले तीन दिवस कोणाच्याच हिशेबात राहिले नसते. म्हणून नोंद बंद न करता तिचा प्रकार बदलायचा आणि बदल कोणी, केव्हा व का केला हे त्याच नोंदीवर लिहायचे.

दुसरी काळजी एका तक्रारीत दोन कामे असतील, तर ती वेगळी करण्याची. सोमवारच्या तक्रारीतील गटाराचा भाग खोटा नव्हता. गटार तुंबलेले राहिले, तर वाहिनी पुन्हा घाण पाण्यात बुडेल. त्यामुळे मूळ नोंद 'दूषित पाणी' या तातडीच्या प्रकारात पाणीपुरवठा विभागाकडे जाते आणि तिला जोडलेली दुसरी नोंद सफाई पथकाकडे राहते. कावीळीची माहिती आरोग्य यंत्रणेकडे स्वतंत्रपणे जाते, कारण रुग्ण शोधण्याचे काम वाहिनी दुरुस्त करणाऱ्यांचे नाही. दाबाची तक्रार मात्र वेगळे काम नाही. ती मूळ नोंदीला जोडायची, म्हणजे दोन पथके एकाच खड्ड्यासाठी येणार नाहीत. जोडताना दुसऱ्या तक्रारदाराचा क्रमांक पुसायचा नाही, कारण काम झाल्यावर त्यालाही कळविणे आवश्यक असते.

तिसरी काळजी हस्तांतराच्या शेऱ्याची. 'आवश्यक कार्यवाहीस्तव' एवढाच शेरा असेल, तर नव्या विभागाला सर्व विचारपूस पुन्हा करावी लागते. वरील प्रसंगातील उपयुक्त शेरा असा असेल : 'नळाच्या पाण्याला पहिली दहा मिनिटे दुर्गंधी, गल्लीच्या डाव्या बाजूची अनेक घरे बाधित, जोडण्या उघड्या गटारातून, त्याच गल्लीत कमी दाब व कावीळ यांच्याही तक्रारी, गटार मंगळवारी साफ केले, तरी वास कायम.' एवढ्या पाच बाबी वाचून अभियंत्याला काय बरोबर न्यायचे हे कळते. तो नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासेल. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. गल्लीच्या तोंडाशी ते मिळते आणि आतील घरांत मिळत नाही, तर मधल्या भागात घाण शिरत असल्याचा तो स्पष्ट इशारा असतो.

'आमच्या विभागाशी संबंधित नाही'

चुकीच्या ठिकाणी आलेल्या तक्रारीवर सर्वांत सोपा उपाय म्हणजे 'हा विषय आमच्या विभागाशी संबंधित नाही' असा शेरा मारून ती बंद करणे. कागदावर हे उत्तर खरे असते. नागरिकाच्या दृष्टीने ते निरुपयोगी असते. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार निवारण प्रणालीत ही पळवाट नियमानेच बंद करण्यात आली आहे. प्रशासकीय सुधारणा व सार्वजनिक तक्रार विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तक्रार निवारणाची कमाल मुदत ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणण्यात आली. त्याच सूचनांनुसार, विषय आपल्याशी संबंधित नाही या कारणावरून तक्रार बंद करता येत नाही. ती योग्य प्राधिकरणाकडे हस्तांतरित करण्याचा प्रयत्न करावा लागतो. न्यायप्रविष्ट प्रकरणे, वैयक्तिक व कौटुंबिक वाद आणि माहिती अधिकाराखालील विषय मात्र या प्रणालीत तक्रार म्हणून घेतले जात नाहीत.

माहितीच्या अधिकारात तर हा विषय प्रत्यक्ष कायद्यातच आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(३) नुसार अर्ज चुकीच्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे आला, तर त्याने तो किंवा त्याचा संबंधित भाग योग्य प्राधिकरणाकडे हस्तांतरित करावा आणि अर्जदाराला तसे तत्काळ कळवावे. हे शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांच्या आत करावयाचे असते. 'त्याचा संबंधित भाग' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका अर्जातील दोन विषय वेगळे करून दोन ठिकाणी पाठविण्याची मुभा त्यांतून मिळते.

मात्र नियम असूनही तक्रार दोन विभागांत चेंडूसारखी फिरत राहू शकते. पाणीपुरवठा विभाग म्हणतो गटाराचा प्रश्न आहे, सफाई विभाग म्हणतो वाहिनीचा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, म्हणूनच हा वाद मिटत नाही. यावर प्रचलित उपाय असा की एकच नोंद दोनदा हलविली गेली, तर तिसऱ्यांदा ती कोणत्याही विभागाने परत पाठवायची नाही. दोन्ही विभागांवर अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने, उदाहरणार्थ झोनच्या प्रमुखाने, ती एका विभागाच्या नावावर लावायची. त्या अधिकाऱ्याचा निर्णय चुकला तरी चालतो, कारण निदान कोणीतरी जागेवर जाते. अनिर्णय मात्र महाग पडतो.

तक्रार की मागणी?

चुकीच्या वर्गीकरणाचा आणखी एक प्रकार विभागाशी निगडित नसून नोंदीच्या स्वरूपाशी निगडित असतो. 'आमच्या गल्लीतील वाहिनी फुटली आहे' ही तक्रार आहे. 'आमच्या गल्लीत नवी वाहिनी टाकावी' ही मागणी आहे. पहिलीसाठी दुरुस्ती पथक पुरेसे असते. दुसरीसाठी अंदाजपत्रक, मंजुरी आणि निधी लागतो. ती तीन दिवसांत निकाली निघूच शकत नाही.

छत्तीसगडमध्ये २०२५ साली झालेल्या 'सुशासन तिहार' या मोहिमेत हा भेद ठळकपणे दिसला. ८ ते ११ एप्रिलदरम्यान गावोगावी आणि शहरी वॉर्डांत ठेवलेल्या पेट्यांतून व अन्य मार्गांनी अर्ज स्वीकारण्यात आले, त्यानंतर ते संबंधित विभागांकडे सोपविण्यात आले आणि मे महिन्यात समाधान शिबिरे भरविण्यात आली. राज्यभरातून आलेल्या लाखो अर्जांची 'मांग' आणि 'शिकायत' अशी विभागणी करण्यात आली होती आणि त्यांत मागण्यांचे प्रमाण फार मोठे होते.

ही विभागणी दोन्ही बाजूंनी चुकू शकते. मागणी तक्रारींच्या यादीत पडली, तर दुरुस्ती पथकाच्या हाती काही करण्यासारखे नसते आणि नोंद मुदतीबाहेर जाते किंवा खोटी बंद होते. तक्रार मागण्यांच्या यादीत पडली, तर ती पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहत राहते. 'जुनी वाहिनी बदलून द्यावी, पाण्याला वास येतो' अशा अर्जात दोन्ही असतात. येथेही उपाय विभाजनाचाच आहे : वासाची तक्रार आजच्या दुरुस्तीकडे आणि वाहिनी बदलण्याची मागणी नियोजनाकडे. मागणी मंजूर होईपर्यंत दुरुस्ती थांबवायची नाही आणि दुरुस्ती झाली म्हणून मागणी निकाली काढायची नाही.

छाननी बिघडल्याच्या खुणा

छाननी नीट चालते की नाही हे केवळ बंद झालेल्या तक्रारींच्या संख्येवरून समजत नाही. वरील प्रसंगात मंगळवारी गटार साफ झाल्यावर तक्रार वेळेत बंद झालीच होती. खरी खूण म्हणजे बंद झालेल्या तक्रारी पुन्हा उघडण्याचे किंवा त्याच गल्लीतून काही दिवसांत दुसऱ्या नावाने पुन्हा येण्याचे प्रमाण. एकाच ठिकाणाहून वेगवेगळ्या प्रकारांच्या तक्रारी थोड्या अंतराने येऊ लागल्या, तर त्यांतील काहींचा प्रकार चुकला असण्याचा संशय घ्यावा लागतो.

दुसरी खूण 'इतर' या प्रकाराची वाढ. हा प्रकार पूर्णपणे काढून टाकला, तर नोंद घेणारा अडल्यावर जवळचा कोणताही प्रकार निवडतो आणि चूक लपते. तो ठेवला पण रोज वाचला नाही, तर तेथे गेलेली तक्रार हरवते. म्हणून 'इतर' ठेवायचा, मात्र त्यातील प्रत्येक नोंद त्याच दिवशी एका जबाबदार व्यक्तीने वाचायची. एकाच स्वरूपाच्या नोंदी तेथे वारंवार येत असतील, तर मूळ यादीत एक प्रकार कमी आहे असे समजून तो वाढवायचा. 'पाण्याला वास किंवा रंग' असा स्वतंत्र पर्याय यादीत प्रारंभीच असता, तर आपल्या प्रसंगातील सोमवारची तक्रार बहुधा भरकटली नसती. तसेच नोंद घेणाऱ्याला एका तक्रारीसाठी दोन प्रकार निवडण्याची सोय असती, तर वाक्याचा उत्तरार्ध वाया गेला नसता.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. छाननी करणारा केवळ आलेल्या तक्रारीच पाहू शकतो. ज्या घरातून दूरध्वनीच गेला नाही, तेथील पाणी त्याच्या यादीत नसते. तीन नोंदींवरून त्याने काढलेला निष्कर्ष जागेवर चुकीचा ठरू शकतो. वाहिनी शाबूत असेल आणि दोष एखाद्या सामायिक टाकीत सापडेल. तसे झाल्यास नोंदीचा प्रकार पुन्हा बदलावा लागतो आणि त्याला चूक मानण्याचे कारण नाही, कारण या वेळचा बदल प्रत्यक्ष पाहणीवर आधारित असतो. आरोग्याविषयीच्या नोंदी हलविताना रुग्णाचे नाव सर्व विभागांना दिसू नये, याचीही दक्षता घ्यावी लागते. वाहिनी दुरुस्त करणाऱ्याला गल्ली कळणे पुरेसे असते.

नागरिकांच्या बाजूनेही काही गोष्टी छाननीला साहाय्यकारी ठरतात. तक्रार नोंदविताना एका वेळी एकच बिघाड सांगावा. दोन असतील, तर दोन क्रमांक मागून घ्यावेत. 'लाइट', 'पानी' अशा एका शब्दाऐवजी काय दिसते ते सांगावे : गल्लीतील दिवा बंद आहे की घरातील वीज गेली आहे, पाणी येत नाही की घाण येते. शेजारच्या घरांतही तसेच आहे का आणि केव्हापासून आहे, हे जोडावे. नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. तक्रार बंद झाल्याचा संदेश आला आणि बिघाड कायम असेल, तर नवी तक्रार करण्यापूर्वी जुनीच पुन्हा उघडण्याची विनंती करावी, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची मोजणी कायम राहते.